दोन आवाज, एक टेबल: यूएसबी माइक की एक्सएलआर आणि इंटरफेस?

पार्श्वभूमी

अनुजा आणि तिचे काका (दोन्ही नावं बदललेली) यांना आकाशनिरीक्षणावर पॉडकास्ट करायचा होता. काका निवृत्त शिक्षक. विषयात मुरलेले, गप्पिष्ट आणि रंगात आले की टेबलावर हात आपटणारे. अनुजा प्रश्न विचारणार, काका सांगणार आणि दर भाग साधारण पाऊण ते एक तासाचा, असं ठरलं. दोघांनाही रेकॉर्डिंगचा अनुभव नव्हता. अनुजाकडे विंडोजचा लॅपटॉप होता आणि त्यात ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घेतलेलं होतं.

तिने आधी एक यूएसबी कंडेन्सर माइक घेतला. टेबलावर उभा राहणारा, मागच्या बाजूला आवाज कुठून घ्यायचा ते ठरवणारी खटकी आणि खाली हेडफोनची खाच. जेवणाच्या टेबलाच्या मधोमध माइक ठेवला, खटकी ‘सगळीकडून’वर केली आणि पहिला भाग रेकॉर्ड केला.

अडचण

तो भाग नातेवाइकांनी ऐकला. पहिलीच प्रतिक्रिया आली, “विहिरीत बसून बोलताय का?” शिवाय काकांचं निम्मं बोलणं पुसट होतं. ते खुर्चीत मागे रेलले की आवाज लांब जायचा, पुढे झुकून टेबलावर हात मारला की धाडकन दणका यायचा.

अनुजाने थोडं वाचलं, काही व्हिडिओ पाहिले आणि निष्कर्ष काढला की यूएसबी माइक म्हणजे खेळणं, खरं काम एक्सएलआर या तीन पिनांच्या वायरीने जोडायच्या माइकवरच होतं. तिने यादी केली: स्टुडिओत दिसतात तसले दोन मोठे ब्रॉडकास्ट माइक, ते लॅपटॉपला जोडून देणारा दोन इनपुटचा इंटरफेस, सिग्नल वाढवणारे दोन बूस्टर, माइक हवा तिथे धरून ठेवणारे दोन बूम आर्म. मी अधूनमधून इतरांचे पॉडकास्ट एडिट करून देतो, म्हणून खरेदीआधी ती यादी माझ्याकडे आली, त्या फसलेल्या भागाच्या फाइलसकट.

आधी दोष कुठला ते पाहिलं

यादीकडे वळण्याआधी मी तिला एकच चाचणी करायला सांगितली. तोच माइक, पण खटकी ‘फक्त समोरून’ म्हणजे कार्डिऑइडवर. जेवणाच्या खोलीऐवजी झोपायची खोली: गादी, पडदे आणि कपड्यांनी भरलेलं कपाट, दार उघडं ठेवून. तोंडापासून माइक वीतभरापेक्षाही जवळ, साधारण दहा-बारा सेंटिमीटरवर. आणि बोलायचं माइकच्या माथ्यावर नाही, तर पुढच्या बाजूला, जिथे कंपनीचं चिन्ह असतं तिकडे. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण उभ्या ठेवायच्या माइकांपैकी बरेचसे बाजूने ऐकतात आणि नवखी माणसं हमखास त्यांच्या टोकात बोलतात.

बोलायला सुरुवात करण्याआधी जाळीवरून नख फिरवून बघ, असंही सांगितलं. रेकॉर्ड करून ऐकल्यावर खरखर मोठी आली तर सॉफ्टवेअर खरोखर याच माइकवरून आवाज घेतंय. बारीक आली तर ते लॅपटॉपच्या अंगच्या माइकवर चाललंय. तिची खरखर नीट आली, म्हणजे तो घोळ नव्हता.

नवीन फाइल आली. आवाज भरदार, जवळचा, घुमणं जवळजवळ गेलेलं. माइक तोच होता.

कारण सोपं आहे. पहिल्या भागात माइक दोघांपासून साठ सेंटिमीटरच्या आसपास होता. अंतर साठवरून दहावर आणलं की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. भिंतींवर आपटून येणारा आवाज मात्र माइकपाशी जवळपास तेवढाच राहतो. घुमणारा आवाज हा बहुतेक वेळा याच दोन आवाजांच्या प्रमाणाचा प्रश्न असतो, वायर कुठली याचा नव्हे. यूएसबी माइकच्या पोटात आवाज पकडणारी कॅप्सूल, सिग्नल वाढवणारा प्रीअँप आणि त्याचे आकडे करणारा कन्व्हर्टर, असं सगळं एकत्र असतं. एक्सएलआर माइकमध्ये कॅप्सूल माइकमध्ये राहते आणि बाकीचे दोन भाग इंटरफेसच्या डब्यात जातात. नुसती जोडणी बदलून उघड्या भिंतींच्या खोलीचं घुमणं बंद होत नाही.

यादीतली निम्मी खरेदी इथेच अनावश्यक ठरली असती. पण चाचणी एकट्या अनुजाच्या आवाजाची होती. काका आणि ती एका टेबलावर बसून बोलणार, तेव्हा दहा सेंटिमीटरचं अंतर दोघांना कसं मिळणार? खरा पेच हा होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय फुकटातला. खटकी ‘समोरून आणि मागून’वर करायची, दोघांनी माइकच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचं. घुमणं थोडं कमी होतं, पण अंतर काही दहा सेंटिमीटरवर येत नाही. शिवाय दोघांचा आवाज एकाच ट्रॅकमध्ये मिसळून येतो. काका पुसट झाले म्हणून त्यांचा आवाज चढवावा, तर त्या जागी खोली आणि पंखाही चढतो. अनुजा त्यांच्या वाक्यावर हसली तर ते हसू वेगळं काढता येत नाही.

दुसरा पर्याय तिला सगळ्यात सोपा वाटत होता: असाच आणखी एक यूएसबी माइक. एका ओळखीच्या माणसाकडे तोच माइक होता, म्हणून आठवडाभर मागून आणला. पहिली अडचण लगेच आली. ऑडॅसिटी एका वेळी एकाच रेकॉर्डिंग उपकरणावरून आवाज घेतं. दोन यूएसबी माइक म्हणजे दोन वेगळी उपकरणं, त्यातून एखादंच निवडता येतं. मॅकवर दोन उपकरणं जोडून Aggregate Device बनवायची आणि Drift Correction लावायची सोय आहे. विंडोजवर तशी सरळ सोय नाही. मग त्यांनी दोन लॅपटॉप घेतले, प्रत्येकाला एक माइक जोडला, सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवली आणि नंतर टाळीवर टाळी ठेवून दोन्ही ट्रॅक जुळवले.

सुरुवातीला ट्रॅक छान बसले. काही मिनिटांतच आवाज पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटायला लागला. शेवटाकडे तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायला लागला. पन्नास मिनिटांनंतरची शेवटची टाळी पाहिली, तर दोन ट्रॅकमध्ये जवळपास एक अष्टमांश सेकंदाचं अंतर पडलेलं.

माइक बिघडलेले नव्हते. प्रत्येक यूएसबी माइक आपलं स्वतःचं घड्याळ घेऊन चालतो. दोन्ही म्हणायला सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतात, पण प्रत्यक्षात कोणतीही दोन घड्याळं अगदी बरोबरीने चालत नाहीत. सेकंदाला दोन नमुन्यांचाही फरक पडला, तर पन्नास मिनिटांत सहा हजार नमुन्यांचा होतो, म्हणजे ०.१२५ सेकंद. एकट्या ट्रॅकमध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एका टेबलावर काकांचा आवाज अनुजाच्या माइकमध्येही थोडा शिरतोच. मग तो दोन ठिकाणी दोन वेगळ्या वेळांना ऐकू येतो. फरक काही हजारांश सेकंदांचा असताना आवाज पोकळ होतो आणि फरक वाढत गेला की प्रतिध्वनी होतो. एडिट करताना दर काही मिनिटांनी शांत जागा बघून एक ट्रॅक किंचित सरकवत जाणं, किंवा शेवटच्या टाळीवरून अख्खा ट्रॅक थोडासा ताणणं, हे उपाय आहेत. दर भागाला हे करायची तयारी अनुजाची नव्हती, आणि असायला हवी असंही मला वाटत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे दोन इनपुटचा इंटरफेस आणि दोन एक्सएलआर माइक. संगणकाला हे एकच उपकरण दिसतं. दोन्ही माइक एकाच घड्याळावर चालतात, त्यामुळे ट्रॅक वेगळे राहूनही कधीच सरकत नाहीत. अडचणी अशा की सामान जास्त, वायरी जास्त, आणि गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा, हे स्वतः शिकावं लागतं.

चौथा पर्याय दोन्ही जोडण्या असलेल्या डायनॅमिक माइकचा. सॅमसन क्यू२यू किंवा शुअर एमव्ही७ यांसारख्या माइकला यूएसबी आणि एक्सएलआर अशा दोन्ही खाचा असतात. आज थेट लॅपटॉपला लावायचा, उद्या इंटरफेसला. मला हा पर्याय नवख्यांसाठी नेहमीच बरा वाटतो. अनुजाचं म्हणणं होतं, “एक यूएसबी माइक आहेच की, पुन्हा यूएसबीसाठी पैसे कशाला?” त्या वेळी त्यावर माझ्याकडे सबळ उत्तर नव्हतं.

निर्णय

तिसरा पर्याय ठरला, पण यादी बदलून. मोठे ब्रॉडकास्ट माइक काढले. त्यातला एक शुअर एसएम७बी होता. माइक उत्तमच आहे, पण त्याचा सिग्नल इतका बारीक असतो की साध्या बोलण्यासाठी किमान ६० डेसिबल गेन लागतो, असं त्याच्या माहितीपत्रकातच सांगितलेलं आहे. प्राथमिक इंटरफेसपैकी अनेक त्या आकड्याच्या अलीकडेच थांबतात. तिथे गेनचं बटण शेवटापर्यंत पिळावं लागतं आणि आवाजाबरोबर सूं-सूं चढते. बूस्टर म्हणूनच यादीत आले होते. एक खरेदी दुसरीला ओढून आणत होती. त्याऐवजी स्टेजवर गायक हातात धरतात त्या जातीचे दोन साधे डायनॅमिक माइक घेतले. त्याच कंपनीचा एसएम५८ तेवढ्याच आवाजाला सुमारे साडेचार डेसिबल जास्त सिग्नल देतो. हा फरक लहान दिसतो, पण अशा इंटरफेसवर बूस्टर लागतो की नाही ते त्यावरच ठरतं.

कंडेन्सर न घेता डायनॅमिक का, हाही प्रश्न आला. एका टेबलावर दोन माइक असतात तेव्हा शेजारचा आवाज जितका कमी शिरेल तितकं बरं. अशा डायनॅमिक माइकमध्ये जवळून बोलावं लागतं, म्हणून गेन खाली राहतो आणि लांबचे आवाज, शेजारचा माणूस आणि खोली सगळंच मागे पडतं. अट एवढीच की माणसाने माइक सोडायचा नाही. आणि इथे काकांचा स्वभाव आडवा येणार होता.

म्हणून बूम आर्म यादीत ठेवले. टेबलावरचा स्टँड हात आपटल्याचा प्रत्येक दणका माइकपर्यंत पोचवतो. काकांचा आर्म टेबलाला न लावता बाजूच्या जड कपाटाच्या फळीला लावला, आणि माइक त्यांच्या तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूने आणला. त्यामुळे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर थेट बसत नाही आणि समोरच्या माणसाचा चेहराही झाकला जात नाही. ते मागे रेलणार हे गृहीत धरून त्यांची खुर्चीच बदलली: सरळ पाठीची, हात नसलेली. सगळ्या खरेदीत आवाजावर सर्वात जास्त परिणाम याच खुर्चीचा झाला असेल.

प्रत्यक्ष काय घडलं

पहिल्याच रेकॉर्डिंगला एक गंमत झाली. दोघांनी फोनच्या स्पीकरवर ऐकलं, सगळं छान. भाग पाठवला. मग एका ऐकणाऱ्याने कळवलं, “मला फक्त अनुजाच ऐकू येते, ती कोणाशी बोलतेय?” तो माणूस एकाच कानात इअरफोन घालून चालत होता. इंटरफेसचा पहिला इनपुट डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला गेला होता, कारण ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग एका स्टिरिओ ट्रॅकमध्ये झालं होतं. काका सबंध डाव्या कानात, अनुजा सबंध उजव्या कानात. ट्रॅकच्या मेनूतून Split Stereo to Mono केलं की दोन वेगळे मोनो ट्रॅक होतात आणि दोघेही मध्ये येतात. रेकॉर्डिंग वाया गेलं नाही, कारण आवाज वेगळे होते ते होतेच.

गेन लावायला मात्र थोडा वेळ गेला. काकांना “बोला” म्हटलं की ते सावकाश, वर्गात हजेरी घ्यावी तसे बोलायचे. त्यावर गेन लावला की खऱ्या गप्पांत पट्टी लाल व्हायची. मग अनुजाने युक्ती केली. शनीच्या कड्यांबद्दल मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायची आणि काका तावातावाने दुरुस्त करायला लागले की गेन बघायची. त्या बोलण्याचे शेंडे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील इतकाच ठेवायचा. मोठ्याने हसणं मग उणे सहापर्यंत जातं, शून्याला टेकत नाही. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. थोडा बारीक राहिलेला हवा तितका चढवता येतो.

इंटरफेसवरच्या ४८ व्होल्टच्या बटणानेही एकदा घोटाळा केला असता. आवाज बारीक आहे म्हणून अनुजाने ते दाबलं आणि काहीच बदललं नाही, म्हणून तिला डबा बिघडल्यासारखा वाटला. ते बटण कंडेन्सर माइकला वीज पुरवतं. साध्या डायनॅमिकला त्याची गरज नसते.

दोन भागांनंतर घडी बसली. दोन स्वच्छ ट्रॅक, न सरकणारे. काकांच्या बोलण्यावर अनुजाचं ‘हं, हं’ फार झालं की तिच्या ट्रॅकवर तेवढा भाग खाली करायचा. एडिटिंगला आधी लागायचा त्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागायला लागला.

मग परिस्थिती बदलली

काही महिन्यांनी काका मुलाकडे राहायला गेले, दुसऱ्या गावी. पॉडकास्ट थांबवायचा नव्हता. इंटरफेस त्यांच्याबरोबर द्यायचा, तर अनुजाचा माइक मुका होणार. शिवाय काकांना एकट्याने गेन, स्टिरिओ-मोनो आणि ड्रायव्हर सांभाळायला सांगणं हे त्यांच्यावरही अन्याय आणि अनुजाच्या फोनवरही.

तेव्हा तो बाजूला पडलेला यूएसबी माइक बाहेर निघाला. खटकी कार्डिऑइडवर करून वर चिकटपट्टी लावली, म्हणजे हलणार नाही. एक वायर लॅपटॉपला, हेडफोन माइकच्याच खाचेत. काकांनी आपल्या लॅपटॉपवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, अनुजाने इंटरफेसवरून आपला. बोलणं व्हिडिओ कॉलवर, आणि सुरुवातीला टाळी. हेडफोन दोघांनीही घालायचेच, नाहीतर स्पीकरमधून येणारा समोरचा आवाज आपल्या माइकमध्ये शिरतो.

अनुजाने विचारलं, “दोन घड्याळांचा तोच गोंधळ परत नाही का होणार?” घड्याळं दोन आहेत, म्हणजे ती सरकणारच. पण आता काकांचा आवाज अनुजाच्या माइकमध्ये नाही आणि तिचा काकांच्या माइकमध्ये नाही. प्रत्येक शब्द एकाच ट्रॅकमध्ये आहे, म्हणून पोकळपणा नाही की प्रतिध्वनी नाही. तासाभरात आठवा हिस्सा सेकंदाचा फरक पडला, तर काकांचं उत्तर तेवढं उशिरा आल्यासारखं वाटतं. संभाषणात ते कुणाला कळत नाही. फरक फार वाढलाच तर मध्यावर एखाद्या शांत जागी ट्रॅक एकदा सरकवला की पुरतं.

एका टेबलावर ज्या जोडणीने रेकॉर्डिंगची वाट लावली, तीच दोन घरांत बिनतक्रार चालली. माइकांची संख्या दोन्हीकडे तीच होती. बदललं ते इतकंच की एका खोलीत आता एकच तोंड होतं.

आता करायचं झालं तर

सुरुवातीला यादी करण्याआधी अनुजाने त्याच माइकवर जवळून बोलून पाहिलं असतं, तर ‘यूएसबी वाईट’ हा निष्कर्ष निघालाच नसता. ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि तिला काही लागत नाही.

चौथा पर्याय, दोन्ही खाचांचा डायनॅमिक माइक, आता मागे वळून पाहता जास्त योग्य होता. काका जाताना त्यातला एक बरोबर नेला असता, तर त्यांचा आवाजही पूर्वीसारखाच राहिला असता. आत्ता काकांच्या कंडेन्सरमध्ये मुलाच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या येतात. डायनॅमिकमध्येही आल्या असत्या, पण बऱ्याच कमी. जे दोघं जण आज एकत्र आहेत पण कायम एकत्र राहतील याची खात्री नाही, त्यांना मी हाच पर्याय सुचवीन. एकट्याने बोलणाऱ्याला मात्र इंटरफेस घ्यायची घाई करू नका असंच सांगीन. त्याला घड्याळाचा प्रश्नच नाही.

इंटरफेस दोन इनपुटचा घेतला तो बरोबर की चार इनपुटचा हवा होता, यावर आमचं अजून एकमत नाही. काका सुट्टीत आले असताना एका भागात पाहुण्या आल्या. तिघं एका टेबलावर, आणि डब्यावर खाचा दोनच. तिसऱ्या माणसाला यूएसबी माइक द्यावा, तर घड्याळाची भानगड पुन्हा दारात. शेवटी काका आणि पाहुण्या एकेका माइकवर बोलल्या, आणि अनुजाने आपले प्रश्न नंतर एकटीने वाचून मध्ये बसवले. ते ऐकताना तिचं विचारणं थोडं ठोकळेबाज वाटतं, म्हणून पुढच्या वेळी चार इनपुटचा इंटरफेस उसना मागून आणायचा असं सध्या तरी ठरलं आहे.